फाइल जाड, निदान कोरे

गेल्या दोन महिन्यांत संपादकीय टपालात वारंवार गर्भपाताच्या रुग्णांच्या फाइली बऱ्याच आल्या. पाठवणारे आपलेच सभासद, आणि प्रश्नही एकच: ‘सगळ्या तपासण्या झाल्या, कारण सापडत नाही, आता काय?’ फाइली नीट चाळल्या तर सगळ्या तपासण्या झालेल्या नसतात. नको त्या तीनतीनदा झालेल्या असतात.

त्यातली एक फाइल घ्या. बाई एकोणतीस वर्षांची, पहिल्या तिमाहीत तीन गर्भपात. दोनदा ठोके दिसून थांबले, एकदा दिसलेच नाहीत. फाइलमध्ये टॉर्चचे तीन अहवाल आहेत. तिन्हींत सीएमव्ही आणि रुबेलाचे आयजीजी पॉझिटिव्ह. आपल्याकडे बहुतेक प्रौढ स्त्रियांत ते तसेच असणार, कारण ती जुन्या संसर्गाची किंवा लसीची खूण आहे. तरी त्यावर औषधांचे दोन कोर्स झाले. टॉर्चमधला ताजा संसर्ग एखादा गर्भ घालवू शकतो, पण तो ओळीने तीन गर्भ घालवत नाही. लंडनच्या रॉयल कॉलेजने वारंवार गर्भपाताच्या शोधात ही तपासणी निरुपयोगी ठरवून दोन दशके होऊन गेली. आपल्या लॅबच्या छापील फॉर्मवर मात्र ‘बीओएच प्रोफाइल’ या नावाखाली ती अजून पहिल्या ओळीत असते, आणि आपण त्यावर खूण करून मोकळे होतो. हे पैसे रुग्णाच्या घरातून जातात.

आता याच फाइलमध्ये अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा शोध कसा घेतला ते पाहा. उपचाराने खरोखर फरक पडणारे हे कारण आहे, म्हणून इथली हेळसांड अधिक बोचते. तिसऱ्या वेळी पिशवी साफ केल्यानंतर दहाव्या दिवशी अँटिकार्डिओलिपिन काढले. आयजीजी १८ आले. निकषात बसायला ते चाळीसच्या वर किंवा नव्व्याण्णवाव्या पर्सेंटाइलच्या वर हवे, आणि किमान बारा आठवड्यांनी पुन्हा तसेच यायला हवे. इथे एकाच अहवालावर ‘एपीएलए पॉझिटिव्ह’ असा शिक्का बसला आणि हेपॅरिन सुरू झाले. बीटा-टू ग्लायकोप्रोटीन केलेच नाही. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचे रक्त घेतले, पण हेपॅरिन चालू असताना, आणि लॅबला ते सांगितलेही नाही. तो अहवाल पॉझिटिव्ह आला. तो आजाराचा की इंजेक्शनचा, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

ती बाई सध्या गरोदर नाही, म्हणून इथे मार्ग सोपा आहे. हेपॅरिन दुसऱ्या कशासाठी नसेल तर ते थांबवायचे, आणि पहिल्या नमुन्यापासून बारा आठवडे उलटल्यावर तिन्ही तपासण्या एकत्र करायच्या. ल्युपसचे रक्त सायट्रेट ट्यूबमध्ये घ्यावे लागते, ते दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट काढाव्या लागतात. उरलेल्या प्लेटलेटमुळे खरा पॉझिटिव्हही निगेटिव्ह दिसू शकतो. तालुक्याहून कुरियरने पाठवायचे असेल तर आधी प्लाझ्मा वेगळा करून गोठवा. पॉझिटिव्ह आले तर किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करा, आणि दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आले तर पुढच्या गरोदरपणात अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन द्या. नाही आले, तर निदान चुकीच्या शिक्क्यातून ती सुटेल. ‘असू द्या, अपाय तर नाही’ म्हणून प्रत्येकीला हेपॅरिन देणाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध झालेली ‘अलाइफ टू’ चाचणी वाचावी. आनुवंशिक थ्रॉम्बोफिलिया असलेल्या स्त्रियांतही त्या इंजेक्शनांनी जिवंत जन्म वाढले नाहीत.

दुसरी गोष्ट गर्भाच्या ऊतींची. पहिल्या तिमाहीतल्या साधारण निम्म्या गर्भपातांत गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असतो. या बाईच्या दोन गर्भांच्या ऊती बादलीत गेल्या, तिसऱ्याच्या फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, मग कल्चर होत नाही, कॅरिओटाइपही नाही. हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल आला: ‘कोरिऑनिक व्हिलाय दिसतात.’ ते तर आपल्याला ठाऊकच होते. त्या ऊती निर्जंतुक सलाइनमध्ये, रक्ताच्या गाठी काढून, व्हिलाय निवडून पाठवल्या असत्या, तर ट्रायसोमी की संतुलित गुणसूत्रे हे कळले असते. ट्रायसोमी निघाली तर त्या गर्भपाताचे कारण मिळाले. असंतुलित ट्रान्सलोकेशन निघाले तर नवरा-बायको दोघांचे कॅरिओटाइप हवेच. अहवाल ‘४६, एक्सएक्स’ आला तर आईच्याच पेशी वाढल्या नाहीत ना, हे लॅबला विचारा.

बाकी थायरॉइड, साखर आणि पिशवीतला पडदा पाहण्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी, एवढे बहुतेक जण करतात. एनके पेशी, एमटीएचएफआर आणि नवऱ्याच्या लिम्फोसाइटच्या लशी मात्र बंद करा.

सहकाऱ्यांनो, आजच आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये निर्जंतुक बाटली आणि सलाइन ठेवून घ्या. सिस्टरना सांगून ठेवा, की दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गर्भपाताच्या रुग्णाच्या ऊती तुम्हाला विचारल्याशिवाय फॉर्मॅलिनमध्ये टाकायच्या नाहीत. आणि लॅबच्या फॉर्मवरची ती टॉर्चची ओळ छापणाऱ्याला काढायला लावा. तुम्ही खूण करता तोवर तो ती काढणार नाही.