'राष्‌ट्‌रमाता' लिहिणारे हात कुणाचे? दोष फॉन्टचा नाही, आपल्या आळसाचा आहे!

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले, पोस्टी टाकून झाल्या. आता जरा आपल्या जिल्ह्यातले यूट्यूब चॅनल आणि कार्यालयांच्या पीडीएफ उघडून बघा. दर 12 जानेवारीला सिंदखेड राजाच्या व्हिडिओंवर कुठे ना कुठे 'राष्‌ट्‌रमाता जजिाऊ' झळकतंच. विचारलं की एकच उत्तर: "भाऊ, फॉन्टच तसा आहे, मराठीत असंच येते."

साफ खोटं! तोच मजकूर, त्याच कॉम्प्युटरवर, नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे 'राष्ट्रमाता जिजाऊ' नीट दिसलं, तर टायपिंग बरोबर आहे. नोटपॅडमध्येही तोच फॉन्ट लावून नीट दिसलं, तर फॉन्टही निर्दोष. गुन्हेगार एडिटिंग सॉफ्टवेअर आणि त्याची सेटिंग न बघणारा माणूस.

कारण समजून घ्या. युनिकोडमध्ये 'ष्ट्र' हे एक अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. ष, हलन्त, ट, हलन्त, र असे पाच तुकडे ओळीने असतात. ते जोडून कोणता आकार काढायचा याचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते नियम वाचून लागू करायचं काम सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट इंजिनचं. इंजिन फक्त इंग्रजीपुरतं चालू असेल तर ते तुकडे तसेच मांडतं. हलन्त उघडे पडतात आणि ज च्या आधी यायची वेलांटी ज च्या नंतर जाऊन बसते. म्हणून 'जजिाऊ'.

उपाय दोन मिनिटांचा आहे. प्रीमियर प्रोमध्ये Preferences मधल्या Graphics विभागात टेक्स्ट इंजिन South Asian and Middle Eastern करा. मग जुन्या थरावर विसंबू नका, नवीन टेक्स्ट थर घेऊन मजकूर पुन्हा चिकटवा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून Adobe World-Ready Paragraph Composer निवडा. सॉफ्टवेअर जुनं आहे, तशी सोयच नाही? मग शीर्षक दुसरीकडे नीट तयार करा, पारदर्शक पीएनजी काढा आणि व्हिडिओवर ठेवा. एक्सपोर्टच्या आधी ही ओळ टाकून बघा:

राष्ट्रमाता जिजाऊ जन्मोत्सव कार्यक्रम

तिहेरी जोडाक्षर, वेलांटी, रफार, सगळं यात आहे. ही ओळ नीट आली की बहुतेक मजकूर नीट येतो.

आता जास्त गंभीर गोष्ट. व्हिडिओतली चूक निदान दिसते तरी. पीडीएफमधली दिसतही नाही! एका कार्यालयाची लाभार्थ्यांची यादी माझ्याकडे आली. वाचायला एकदम स्वच्छ. Ctrl+F करून 'श्रीकृष्ण' शोधलं, तर एकही नाव सापडलं नाही. डोळ्यांनी पानं चाळली तर नावं होती! मोबाइलवर असंच शोधून एखादा शेतकरी म्हणेल, 'आपलं नाव आलंच नाही', आणि घरी बसेल. चूक कुणाची आणि नुकसान कुणाचं?

असं का होतं? पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार नंबराने साठवतात. कोणता आकार म्हणजे कोणती अक्षरं, याची तक्ता-नोंद सोबत असावी लागते. वर्डमधून Microsoft Print to PDF केलं की पानाची जणू छपाई होते आणि ही नोंद बरेचदा अर्धवट राहते. त्याऐवजी Save As मधून PDF निवडा. त्यानेही शंभर टक्के हमी नाही, वेलांटी कधीकधी तरीही घसरते. म्हणून फाइल पाठवायच्या आधी तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तुटली, तर यादीसोबत मूळ वर्ड किंवा एक्सेल फाइलही द्या.

आणि चिकटवल्यावर 'क' च्या जागी इंग्रजी 'd' आला, तर समजा मजकूर कृतीदेवमध्ये टाइप केलाय. तिथे आत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा आहे. कोणतीही एक्सपोर्ट सेटिंग त्याला वाचवू शकत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, जोडाक्षरं तपासा, मगच पीडीएफ.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा. कारभार मराठीत करायचा म्हणजे मराठी दिसली पाहिजे एवढंच नाही, ती शोधताही आली पाहिजे. तेव्हा डीटीपीवाले भाऊ, चॅनलवाले मित्र आणि कार्यालयातले साहेब, "मराठीत असंच येते" हे वाक्य आता बंद करा.

आणि वाचकहो, यादी हातात आली की नाव आधी शोधा. नाही सापडलं तर लगेच माघारी फिरू नका, पानं डोळ्यांनी वाचा. मग ज्या कार्यालयाने यादी काढली, त्याला लेखी विचारा: ही पीडीएफ शोधता का येत नाही?