फवारा पानाच्या पाठीवर मारा

मंडईच्या आसपासच्या पेठांत ज्यांनी गॅलरीत किंवा गच्चीवर मिरची, टोमॅटो, वांगी लावली आहेत, त्यांना ही विनंती. रोप चिकट झालं, शेंडे आकसले, की घाईने वरून फवारा मारू नका. आधी पान उलटून बघा.

मिरचीच्या कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे ठिपके दाटीने बसलेले असतील, तर तो मावा. फांदी हलवताच पांढरे कण उडाले, तर पांढरी माशी. तिची पिल्लं मात्र उडत नाहीत, पानाच्या मागे चिकटून रस पितात. म्हणून वरून मारलेलं औषध वाया जातं.

एक लिटर पाण्यासाठी पाच मिली, म्हणजे चहाचा एक चमचा कडुनिंबाचं तेल घ्या. तेल आणि पाणी आपोआप मिसळत नाहीत. त्यामुळे वाटीभर कोमट पाण्यात आधी सौम्य द्रवसाबणाचे वीस-पंचवीस थेंब घाला, मग तेल घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळा आणि नंतर उरलेलं पाणी मिसळा. वर तेलाचा तवंग दिसला, तर ते फवारू नका, पानं करपतील. कपडे धुण्याची पावडरही नको. आधी एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा. डाग पडला नाही, तरच सगळ्या रोपावर मारा.

वेळ संध्याकाळची ठेवा. उन्हात पानं भाजतात आणि कडुनिंबाचा अंशही लवकर निकामी होतो. पानाच्या मागची बाजू ओली होईल असं फवारा, कारण साबण आणि तेलाचा थेंब किडीच्या अंगाला लागला तरच ती मरते. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा. अंडी यातून वाचतात, त्यामुळे दर पाच-सात दिवसांनी असं तीनदा करा. काढणीची मिरची फवारण्याआधी तोडून घ्या.

अळीचं गणित वेगळं. कडुनिंबामुळे तिचं खाणं कमी होतं आणि कात टाकणं बिघडतं. त्यामुळे लहान अळीवर त्याचा उपयोग होतो, पण बोटाएवढी झालेली अळी पुढेही पानं खात राहते. कढीपत्त्याची पानं कडेने कुरतडलेली दिसली, की सकाळी अळ्या हाताने वेचा.

आणखी एक गोष्ट. टोमॅटोची पानं वाटीसारखी वळून रोप खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असू शकतो. तो कोणत्याही फवाऱ्याने बरा होत नाही. असं रोप पिशवीत घालून टाकून द्या, म्हणजे शेजारची वाचतील. माव्यात लाल ढालकिडा फिरताना दिसला, तर त्या फांदीवर फवारू नका. तो मावाच खातो.

आज संध्याकाळी फवारणीचा पंप हातात घेण्याआधी तुमच्या मिरचीची पाच पानं उलटून पाहा.