बांबूचे बेट आणि त्याचा धनी

अरण्य लोकांच्या हाती दिले की पाच-दहा वर्षांत ते कुऱ्हाडीखाली जाईल, हे मत आपल्याकडे इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते की, त्याला पुरावा मागणेही पुष्कळांना अनुचित वाटते. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचा दृष्टान्त मांडला आणि या मताला शास्त्राचे पाठबळ मिळाले. ज्या कुरणावर सर्वांचा हक्क, तेथे प्रत्येक गुराखी आपले एकेक जनावर वाढवीत जातो आणि अखेरीस कुरणच नष्ट होते. म्हणून ते सरकारने ताब्यात घ्यावे अथवा खासगी मालकांना वाटून द्यावे, असा तो युक्तिवाद. परंतु हार्डिनने कल्पिलेले कुरण वस्तुतः बेवारस होते. त्याला ना हद्द होती, ना पंच, ना दंड. गावाची वहिवाट असलेले रान आणि बेवारस रान यांतील हा भेद एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली आपल्या ग्रंथात उदाहरणांनिशी दाखवून दिला. तरी आपल्या दफ्तरांपर्यंत तो अद्याप पोहोचलेला दिसत नाही.

प्रथम जंगल तुटते कोणाच्या हातून, हे पाहू. सरपणाची मोळी घेऊन जाणारी बाई रस्त्यावर सर्वांना दिसते, म्हणून दोष तिच्या माथी येतो. परंतु खाणीसाठी आणि धरणासाठी वनजमिनी वळत्या होतात त्या तिच्या सहीने होत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूची कथा तर याहून बोलकी आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ साली शिफारस केली की, कमी उत्पन्नाची मिश्र जंगले तोडून त्या जागी किफायतशीर वृक्षांची लागवड करावी. तदनुसार १९७४ मध्ये आपल्या राज्यात वनविकास महामंडळ स्थापन झाले, आणि ज्या रानांतून ऐन, धावडा, मोह, तेंदू, चारोळी एकत्र वाढत, त्यांतील कित्येक रानांची सरसकट तोड होऊन तेथे सागाच्या रांगा उभ्या राहिल्या. हे सर्व कायदेशीर कार्ययोजनेनुसार घडले, आणि कागदोपत्री त्यात जंगल एक एकरही घटले नाही.

ते घटले नाही असे दिसते, याचे कारण मोजणीच्या रीतीत आहे. आपल्या वनसर्वेक्षणात एक हेक्टराहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्क्यांपेक्षा अधिक पर्णछत्र असले की ते वनाच्छादन ठरते. मग ते जुने रान असो, सागाची लागवड असो वा आंब्याची बाग. चाळीस ते सत्तर टक्के पर्णछत्राचा एकच वर्ग असल्यामुळे, पासष्ट टक्क्यांचे रान पंचेचाळीसवर उतरले तरी त्याचा वर्ग बदलत नाही. जंगलातील कर्ब मोजावयाचा तर मात्र जमिनीवर उतरावे लागते; छातीच्या उंचीवर प्रत्येक बुंध्याचा घेर घ्यावा लागतो, त्यावरून वाळल्या लाकडाचे वजन काढावे लागते, आणि त्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कर्ब धरावा लागतो. हजार किलो वाळले वजन असलेला एक ऐन घेतला, तर त्यात सुमारे ४७० किलो कर्ब असतो, आणि तो जळून हवेत गेला तर सुमारे १,७२० किलो कर्बवायू होतो. शिवाय २०२१ च्या सरकारी अहवालात देशातील वनांचा एकूण कर्बसाठा ७,२०४ दशलक्ष टन दिला असून, त्यातील निम्म्याहून अधिक मातीत आहे असे त्यातच नमूद आहे. पालापाचोळ्याने पिढ्यान्‌पिढ्या घडविलेली ही माती सरसकट तोडीनंतर उन्हापावसाला उघडी पडते. वरून पाहणाऱ्याला सागाची हिरवी पाने दिसतात, मातीची ही हानी दिसत नाही.

आता या विषयाचे मर्म मला जेथे आढळते त्या बांबूकडे वळू. बांबूच्या बेटात नवा कोंब, ज्याला आपण वास्ता म्हणतो, पावसाळ्यात निघतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. एवढ्या थोड्या अवधीत ही वाढ होते ती त्याच्या स्वतःच्या पानांच्या बळावर नव्हे, तर जुन्या बांबूंनी कंदात साठवून ठेवलेल्या अन्नावर. म्हणून तोडीचा नियम सोपा असला तरी कठोर आहे: दोन वर्षांच्या आतील बांबूला हात लावावयाचा नाही, प्रत्येक बेटात काही जुने बांबू राखावयाचे, कंद खणावयाचा नाही, पावसाळ्यात तोड करावयाची नाही, आणि तीन-चार वर्षांनीच त्या बेटाकडे परतावयाचे. मक्त्याने तोडणाऱ्याला हा नियम ठाऊक नसतो असे नाही. परंतु त्याची मजुरी नगावर असते, मक्त्याची मुदत संपल्यावर ते बेट जगले काय नि वाळले काय, त्याचा त्याला हिशेब द्यावा लागत नाही. कर्नाटकातील उत्तर कन्नड भागात कागद गिरणीसाठी चाललेल्या तोडीचा माधव गाडगीळ यांनी अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की, बेट मोकळे व्हावे म्हणून कार्ययोजनेत त्याच्या बुडाशी असलेले काटेरी कुंपण साफ करण्याचा आदेश होता, आणि ग्रामस्थ सांगत होते की त्या काट्यांमुळेच वास्ते गुरांपासून बचावतात. ग्रामस्थांचे म्हणणे खरे ठरले.

रान गावाच्या हाती द्यावे, या मंडनाला आधार आहे तो गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या गावाशी निगडित आहेत. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यावयाचा आणि तो घेण्यापूर्वी अभ्यासगटात त्याची चर्चा करावयाची, ही येथील रीत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्काची सनद मिळाली. परंतु सनद हाती आली तरी बांबू विकता येईना. कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू ‘वृक्ष’ मानलेला होता, आणि वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज ठरला असूनही वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखाते सोडीत नव्हते. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्या दिवसापासून बांबूचा भाव ठरविणारी, तोडीचा नियम लावणारी आणि तीन वर्षांनी त्याच बेटाशी परत येणारी मंडळी एकच झाली.

एका गावावरून सिद्धान्त उभारू नये, हा आक्षेप रास्त आहे. अश्विनी छत्रे आणि अरुण अगरवाल यांनी २००९ साली तीन खंडांतील दहा देशांच्या ८० सामाईक वनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वनाचे क्षेत्र मोठे असेल आणि नियम करण्याची मोकळीक स्थानिक लोकांना अधिक असेल, तेथे कर्बसाठा आणि उपजीविका दोन्ही अधिक आढळली. उलट मालकी सरकारची राहिली, तेथे हक्क केव्हा जाईल या धास्तीने लोक हाती लागेल ते आजच काढून घेतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गावाच्या व्यवस्थापनाला मर्यादाही आहेत, आणि मंडन करणाऱ्याने त्या लपवू नयेत. तुकडा लहान असेल तर पहाऱ्याचा खर्च उत्पन्नाहून वाढतो. उचल देऊन तेंदूपानांचा ठेकेदार ग्रामसभेला बांधून घेऊ शकतो. आणि बांबू एकदाच फुलून सबंध रानात वाळतो, तेव्हा कितीही नियम पाळले तरी काही वर्षे उत्पन्न बुडते. अशा वेळी गावाला तज्ज्ञाचा सल्ला आणि आगाऊ भांडवल हवे असते, आणि खात्याने आपले ज्ञान तेथे खर्ची घालावे. मालकी मात्र त्याच्या मोबदल्यात मागू नये.

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांपाशी सामूहिक वनहक्काच्या सनदा आहेत. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले असून, वनाच्या व्यवस्थापनाची योजना आखण्याचा अधिकारही तिलाच दिला आहे. ज्या परिक्षेत्रात परवान्यांचे पुस्तक अद्याप खात्याच्या कपाटात असेल, तेथील अधिकाऱ्यांनी ते येत्या तोडीच्या हंगामापूर्वी गावाच्या हाती द्यावे.