जेआरडींना गेलेले पोस्टकार्ड आणि पूर्वग्रहाची किंमत

संत तुकाराम नगराच्या मेट्रो स्थानकापासून टाटा मोटर्सचा पिंपरी कारखाना फार दूर नाही. १९७४ मध्ये त्याचे नाव टेल्को होते. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी टेल्कोची एक जाहिरात वाचली. अभियंते हवे होते. मात्र महिलांनी अर्ज करू नये, अशी स्पष्ट सूचना होती. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडले. मुलाखतीचे बोलावणे पुण्याहून आले आणि टेल्कोला पहिली महिला अभियंता मिळाली.

ही कथा दर वर्षी सांगितली जाते आणि दर वर्षी तिचे तात्पर्य एकच काढले जाते: धीट मुलगी, उदार मालक. दोन्ही खरे. परंतु या कथनाने इतिहासाचा खरा प्रश्न झाकला जातो. निम्म्या गुणवत्तेला दाराबाहेर ठेवणारी सूचना छापताना कोणालाच तोट्याची भीती का वाटली नाही?

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच या प्रश्नाची मांडणी केली होती. पूर्वग्रह ही मालकाची एक आवड आहे आणि इतर आवडींप्रमाणे तिचेही पैसे मोजावे लागतात, असे त्याचे म्हणणे. कल्पनेतील दोन कारखाने घ्या. दोन्ही एकच सुटा भाग बनवतात, दोघांनाही शंभर कुशल माणसे हवीत. सर्वत्र नकार मिळाल्याने तितक्याच कुशल स्त्रिया ८०० रुपयांत यायला तयार आहेत. पुरुषांचा दर १,००० आहे. केवळ पुरुष घेणारा मालक महिन्याला १ लाख रुपये वेतन देतो, दुसरा ८० हजार. मधले २० हजार ही पूर्वग्रहाची किंमत. दुसरा मालक पुरोगामी असण्याची गरज नाही, तो फक्त हिशेबी असला की पुरे. तो भाव उतरवतो, पहिल्याची गिऱ्हाइके ओढतो. मग तिसरा, चौथा स्त्रियांना शोधू लागतो आणि मागणी वाढल्याने ८०० चा दर वर चढत १,००० च्या जवळ येतो. (या वाटेत पहिला नफा स्त्रियांच्या स्वस्त श्रमावरच होतो, हे या सिद्धांताचे भक्त क्वचितच सांगतात.)

आता १९७४ कडे परत या. नवा कारखाना काढायला किंवा उत्पादन वाढवायला सरकारी परवाना लागे. ट्रकच्या बाजारात टेल्को आणि अशोक लेलँड हीच प्रमुख नावे. शेजारच्या आकुर्डीत बजाजच्या स्कूटरसाठी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे. ज्याचा माल बनण्याआधीच विकला गेला आहे, त्याला महिन्याचे २० हजार बोचत नाहीत. ते गिऱ्हाइकाच्या खिशातून निघतात. ती सूचना बेकायदेशीरही नव्हती: नोकरभरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा समान वेतन कायदा १९७६ चा. बाजाराचा धाक नव्हता, कायद्याचा नव्हता. म्हणून पोस्टकार्डावर भिस्त ठेवावी लागली.

तर मग स्पर्धा खुली केली की झाले? इथे बेकरच्या अनुयायांना मुंबईच्या गिरण्या दाखवाव्या लागतात. तिथे डझनावारी गिरण्या एकमेकींशी आणि परदेशी कापडाशी झुंजत होत्या. तरीही अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ दिसे. १९२८ च्या संपात हा अन्याय दूर करण्याची मागणी घ्यावी, असा आग्रह डॉ. आंबेडकरांना खुद्द कामगार पुढाऱ्यांकडे धरावा लागला.

कारण इथे पूर्वग्रह सहकाऱ्यांचा होता. एखाद्या मालकाने दलित विणकर घेतला असता, तर बाकीचे माग बंद पडण्याची भीती. म्हणजे भेदभाव स्वस्त आणि न्याय महाग. केवळ दलित विणकरांची वेगळी गिरणी उभी राहील, हे बेकरी उत्तर कागदावर ठीक. पण विणकाम मागापाशी उभे राहूनच शिकता येई आणि मागापाशी उभे करणे जॉबरच्या हाती होते. जो खात्यातच शिरला नाही, तो स्वस्त कुशल कामगार म्हणून उपलब्ध होणार कसा?

स्त्रियांच्या वाटेतही असा एक अडसर होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचे काम साधारणतः सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच बांधून टाकले होते. तीन पाळ्यांच्या कारखान्यात रात्रपाळी न करू शकणारा कामगार निर्मळ मनाच्या मालकालाही महाग पडतो. ती किंमत स्पर्धेने उतरत नाही, विधिमंडळातच उतरते. ती अट पुढे शिथिल झाली. आज त्याच पिंपरी कारखान्यात दीड हजारांहून अधिक स्त्रिया हॅरियर आणि सफारी गाड्यांची जुळणी करतात. त्याचे सारे श्रेय १९९१ च्या खुल्या बाजाराला देणारे ही कायद्याची बाजू वगळतात, आणि सारे श्रेय एका पोस्टकार्डाला देणारे बाजार वगळतात.