मऊ चप्पल म्हणजे चांगली चप्पल? साफ झूठ!

तर मंडळी, या वीकेंडला कोड नाही, चपला. हसू नका, विषय गंभीर आहे.

आमची आई आमगावला असते. मागच्या वर्षी घरभर चकाचक टाइल्स बसवल्या आणि पाच-सहा महिन्यांत तिची टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिली दहा पावलं टाकताना जीव जायचा, मग थोडं बरं, आणि संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहिलं की पुन्हा ठणका. डॉक्टर म्हणाले, प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा जो जाड पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावतो. अनवाणी फिरू नका, घरातही चप्पल घाला.

मी पडलो इंजिनिअर! दुकानात गेलो, अंगठ्याने दाबून दाबून सगळ्यात मऊ, 'ऑर्थो' असं छापलेली फोमची स्लीपर घेतली. आई खूष. दोन महिन्यांनी फोन आला, "पुन्हा दुखते रे बापा."

सुट्टीत घरी गेल्यावर पट्टी घेऊन बसलो. दुकानात अगदी तशीच नवी जोडी मोजली होती: टाचेखाली 22 मिलिमीटर, चवड्याखाली 16. आईच्या जोडीत दोन्हीकडे 15! म्हणजे टाचेला मिळालेला 6 मिलिमीटरचा उंचवटा गायब, आणि वजन पडल्यावर टाच आणखी खाली. टाच खाली गेली की पोटरी ताणली जाते आणि तो ताण त्या पट्ट्यावर येतो. ज्यासाठी चप्पल घेतली नेमकं त्याच्या उलट.

इथेच माझं भांडण आहे. दुकानदार अंगठ्याने दाबून दाखवतो, आपण 'वा!' म्हणतो. अहो, अंगठ्याचा जोर तो किती, आणि साठ-पासष्ट किलोचं माणूस दिवसभर उभं राहतं त्याचा भार किती! फोममध्ये हवेचे बारीक बारीक बंद कप्पे असतात. फार मऊ फोमचे कप्पे रोजच्या भाराने चपटे होतात आणि परत फुलत नाहीत. आणि 'ऑर्थो' हा शब्द छापायला फक्त शाई लागते, हे लक्षात ठेवा.

मग बघायचं काय? दुसऱ्या वेळी मी तीन गोष्टी केल्या.

एक, चप्पल दोन्ही टोकांना धरून वाकवली. ती चवड्यापाशी वाकली पाहिजे, जिथे आपली बोटं वाकतात. मधोमध, कमानीखाली घडी पडत असेल तर तिथे आधार नाही, नुसता आकार आहे. मग ओल्या फडक्यासारखी पिळून पाहिली. सहज पिळली जाते? ठेवा परत.

दोन, कमानीचा उंचवटा. आईला घालून उभं केलं. तो उंचवटा पायाच्या आतल्या बाजूच्या कमानीखालीच लागला पाहिजे. टाचेला टोचत असेल तर माप मोठं किंवा साचाच वेगळा. 'सवय होईल' या भूलथापेला बळी पडू नका. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

तीन, पकड. अंगठ्यातली सैल चप्पल सुटू नये म्हणून बोटं सतत आवळावी लागतात. म्हणून आम्ही शेवटी रबरी क्लॉग घेतला. मागचा पट्टा टाचेमागे लावायचा, पुढे पाडून ठेवायचा नाही. नाहीतर तीही सैल स्लीपरच. ओल्या फरशीवर घसरते का तेही पाहिलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. "सैपाकघरात चप्पल घालून जाऊ काय रे?" देव्हारा तिथेच! तोड निघाली: ही जोडी उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही, आणि पूजेपुरती काढायची. एक मात्र चुकलं असतं. धुऊन ती गच्चीवर वाळत घालणार होती. आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात फोमचा क्लॉग आक्रसतो, एक माप लहान होतो! सावलीत वाळवा.

नुसत्या चपलेने बरं वाटलं असंही नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पोटरी ताणायचा व्यायाम आई रोज करते. सकाळची ती दहा पावलं सुटायला तीन महिने लागले. आणि पाय सुन्न पडत असेल, सूज असेल, रात्री पडल्या पडल्या दुखत असेल किंवा मधुमेह असेल, तर दुकानात नाही, आधी डॉक्टरकडे जा.

आता दर दोन महिन्यांनी मी पट्टी लावतो. टाच आणि चवडा सारख्या उंचीला आले की जोडी बाद, वरून कितीही नवी दिसो. आई म्हणते, वेडं झालं पोरगं. असो. पण चालते न लंगडता!