टर्की म्हणजे मोठी कोंबडी नव्हे

टर्कीची पिल्लं विकणारा सांगतो, "सगळं कोंबडीसारखंच. तुम्ही कोंबड्या पाळल्यात ना? मग झालं तर." त्याच्याकडून वीस पिल्लं नेलेला शेतकरी पंधरवड्याने भेटतो तेव्हा म्हणतो, "आपल्या हवेत टर्की जगत नाही हो. फार नाजूक जात." ऐकायला ही दोन मतं एकमेकांच्या उलट आहेत. पण पहिल्यावर भरवसा ठेवून पिल्लं सांभाळली की दुसरं आपसूक तोंडी येतं. म्हणून दोन्ही एकदमच खोडून काढलेली बरी.

हवेचं आधी पाहू, कारण त्यात दम कमी आहे. टर्की माणसाळली ती मेक्सिकोत, काही थंड मुलखात नव्हे. आपल्याकडे ती नवीनही नाही. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मीळ प्राणी-पक्षी नेले, त्यांत टर्की होती. तिच्या डोक्या-मानेचे रंग कसे पालटतात हे बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आणि मन्सूर या चित्रकाराकडून तिचं चित्र काढून घेतलं. चेन्नईच्या दमट उकाड्यात तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने 'नंदनम' टर्की तयार केली, तर बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेने 'कारी विराट'. मोठी झालेली टर्की आपल्या उन्हाळ्यात कोंबडीइतकीच, कधी तिच्याहून बरी टिकते. पक्षी मरतात ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, आणि त्या वयात ते हवेत नसतातच. ते असतात आपण लावलेल्या बल्बखाली. मग दोष हवेचा कसा?

आता मुख्य मुद्दा. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की दिसेल त्यावर चोच मारतं. खाद्य पसरा, पाणी ठेवा, बाकीचं ते स्वतः शिकतं. टर्कीच्या पिल्लाचं तसं नाही. त्याला सुरुवातीला नीट दिसत नाही, ते बुजरं असतं आणि खाद्याच्या ताटलीत उभं राहूनही उपाशी राहतं. पोटातल्या बलकाच्या शिदोरीवर ते तीनेक दिवस काढतं, त्यात एखादा दिवस प्रवासात गेलेला असतो. तोवर सगळं आलबेल दिसतं. मग चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लं माना टाकू लागतात आणि मालक साथ आली म्हणून औषधाच्या दुकानाकडे धावतो. मेलेलं पिल्लू चिरून पाहावं. अन्नपिशवी रिकामी निघते, पेटाही रिकामा, नाहीतर भाताच्या तुसाने गच्च भरलेला. म्हणजे पिल्लाने चोच मारली होती, पण खाद्यावर नाही, खालच्या गादीवर. याला रोग म्हणायचं की उपासमार?

यावर इलाज आहे, आणि तो जुनाच आहे. पिल्लं आल्या आल्या प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात बुडवायची. एकेकाची, वीस असली तर वीसही जणांची. पहिले तीन-चार दिवस तुसाच्या गादीवर खरखरीत पुठ्ठा किंवा जाडंभरडं कापड अंथरायचं. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात आणि फाकलेले पाय सहसा पुन्हा सरळ होत नाहीत. अंड्यांच्या रंगीत ट्रेमध्ये खाद्य ठेवून बोटाने टकटक करत राहायचं. त्या आवाजाकडे पिल्लं येतात, कारण आई चोच आपटून हेच करते. हिरवा रंग त्यांना चटकन दिसतो, तेव्हा खाद्यावर बारीक चिरलेली कांद्याची पात किंवा लसूणघास भुरभुरायची. पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकल्या की पिल्लं त्यांवर चोच मारतात आणि मारता मारता पाणी पितात. पहिले पंधरा दिवस लिटरभर पाण्यात शंभर मिली दूध आणि दहा पिल्लांमागे रोज एक उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं असा पशुवैद्यक विद्यापीठांचाच सल्ला आहे. वीस पिल्लांना दोन अंडी, चहाच्या दोन कपांएवढं दूध. उन्हाळ्यात ते पाणी दुपारच्या आत बदलायचं, नाहीतर आंबतं.

या खटाटोपाचा उपयोग झाला की नाही हे कसं कळणार? संध्याकाळी दिवा मंद करण्याआधी पाच-सहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी अंगठ्याने दाबून पाहायची. मऊ, ओलसर भरलेली लागली तर ठीक. कोरडी, खड्यांसारखी टणक लागली तर खाद्य गेलंय, पाणी नाही. काहीच लागलं नाही तर ते पिल्लू वेगळं काढून थेंबाथेंबाने दूध-अंडं भरवायचं. हे काम दुसऱ्या दिवशी करायचं असतं. पाचव्या दिवशी त्याला अर्थ उरत नाही.

काही जाणते लोक टर्कीच्या पिल्लांत कोंबडीची दोन पिल्लं सोडतात, म्हणजे त्यांचं पाहून ती खायला शिकतात. युक्ती खरी आहे, लागू पडते. फक्त ती पिल्लं यंत्रात उबवलेली, एक दिवसाची असावीत, अंगणात कोंबडीमागे फिरलेली नकोत. शिकवणी झाली की चार-पाच दिवसांत ती बाहेर काढावीत. असं का, ते पुढे येईलच.

उबेचंही असंच. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ ते ३७ अंश सेल्सिअस लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करायचं. हा आकडा कोंबडीच्या आकड्यापेक्षा फारसा वेगळा नाही, आणि फसगत इथेच होते. फरक आहे तो जागेत आणि मुदतीत. ज्या छत्रीखाली कोंबडीची चाळीस पिल्लं मावतात तिथे टर्कीची वीसच ठेवायची. कोंबडीची ऊब उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत काढून टाकतात, टर्कीला चार आठवडे लागते आणि थंडीत पाच-सहा. भोवतीचं पत्र्याचं कुंपण गोलच हवं. रात्री वीज गेली की टर्कीची पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. कोपरा नसला की ढिगाला जागा मिळत नाही. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट चालला असेल तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकाडा. थर्मामीटर नसला तरी हे दिसतंच.

आता खाद्य. इथे "कोंबडीसारखंच" हे वाक्य सर्वांत महागात पडतं. ब्रॉयलरच्या पहिल्या खाद्यात प्रथिनं २२-२३ टक्के असतात, अंड्यांच्या कोंबडीच्या पिल्लांना २० चालतात. टर्कीला पहिले चार आठवडे २८ टक्के लागतात. शिवाय नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट. ते कमी पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पायाचा मधला सांधा सुजतो आणि पाय धनुकलीसारखे वाकतात. लोक म्हणतात वारं लागलं. वारं कुठलं, खाद्यच लागलेलं नसतं.

"रानातल्या टर्कीला कोण २८ टक्के देतं?" असा प्रश्न हटकून येतो. रानातलं पिल्लू पहिले काही आठवडे मुख्यतः किडे-नाकतोडे खाऊन वाढतं, आणि किड्यांत प्रथिनं आपल्या पोत्यापेक्षा जास्तच असतात. निसर्गाचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा.

दुसरी हरकत पैशाची: एवढं खाद्य परवडेल कसं? हिशेब करून पाहू. वीस पिल्लांना पहिल्या महिन्यात, मध्यम जातीची असली तर, वीस-बावीस किलो खाद्य लागतं. २३ टक्क्यांचं ब्रॉयलर खाद्य सतरा किलो घ्या, त्यात ४५ टक्के प्रथिनांची सोयापेंड पाच किलो मिसळा. बावीस किलो झालं आणि प्रथिनं बरोबर २८ टक्के. पेंड मिसळल्याने क्षार-जीवनसत्त्वं पातळ होतात, म्हणून पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्यायचं, मिळाली तर यीस्टची पूड खाद्यात घालायची. जादा खर्च तो काय? पाच किलो पेंड. एका मेलेल्या पिल्लाची किंमत तिच्याशी ताडून पाहावी. महिन्यानंतर प्रथिनं टप्प्याटप्प्याने उतरत जातात, आणि मोठी टर्की तर निम्म्यापर्यंत पोट हिरव्या चाऱ्यावर भरते. कोंबडी ते करू शकत नाही. स्वस्ताई हवी तर ती तिथे आहे, पहिल्या महिन्यात नाही.

मात्र पोतं घेताना वरची चिठ्ठी वाचायचीच. ब्रॉयलर खाद्यात पुष्कळदा रक्ती हगवणीवर सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन घातलेलं असतं. कोंबडीला ते औषध, टर्कीला विष. पक्षी पाय पसरून बसतो, उठत नाही आणि मरतो. दुकानदाराला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नये.

इतकं झाल्यावर विरोधकांचा एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो. टर्की सगळ्यांसाठी नाही. अंगणात देशी कोंबड्या मोकळ्या फिरत असतील तर तिथे टर्की सोडू नये. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा परजीवी मातीत उतरतो. कोंबडी तो अंगावर वागवत खुशाल हिंडते. टर्कीला मात्र त्यापासून 'ब्लॅकहेड' होतो. पंख लोंबतात, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि यकृतावर गोल खळगेदार चट्टे पडतात. जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, गांडुळंही ती पोटात बाळगतात. मृगाच्या सरींनी गांडुळं वर आली की टर्की ती वेचून खाते, म्हणून पावसाळ्यात मर वाढलेली दिसते. कोंबड्या विकून लगेच त्याच जागी टर्की आणणाऱ्यालाही हा धोका टळत नाही. जागा वेगळी, भांडी वेगळी, चपलासुद्धा वेगळ्या. हे ज्याला जमणार नसेल त्याने टर्कीचा नाद सोडावा.

त्याने गिनी कोंबडी घ्यावी. ब्लॅकहेड तिलाही होतो, पण टर्कीसारखा कळप साफ होत नाही. आवाज मात्र कर्कश, शेजारी वैतागतील. तिच्या पिल्लांनाही कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त, २४ ते २६ टक्के प्रथिनं लागतात. पिल्लू इतकं लहान असतं की उघड्या भांड्यात बुडून मरतं, म्हणून भांड्यात खडे भरायचे. गिनी आई म्हणून बेफिकीर, पिल्लांना पहाटेच्या दवातून फरफटत नेते आणि ओली पिल्लं गारठून मागे राहतात. तेव्हा अंडी देशी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत, तिच्यामागे वाढलेली पिल्लं संध्याकाळी घराकडेही वळतात. एवढंच की कोंबडीची अंडी एकविसाव्या दिवशी फुटतात, गिनीची सव्वीस ते अठ्ठावीस दिवसांनी. कोंबडी तेवढी बसते, तिच्याजवळ दाणा-पाणी ठेवलं तर. घाई माणसाला होते. बाविसाव्या दिवशी अंडं कानाशी हलवून "वांझ निघाली" म्हणत उकिरड्यावर टाकलेल्या अंड्यांत जिवंत पिल्लं असतात.