महाडला उतरा, पण कुठे?



मार्च महिना उजाडला की महाडकडच्या घराघरातून पाहुण्यांना निरोप जाऊ लागतात. १९२७ साली २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी हजारो माणसे येथे येतात. त्यात आपलेही नातेवाईक असतात. त्यांना न्यायला जाणारा यजमान निरोप कसा देतो, यावर त्या दिवशी बरेच काही अवलंबून असते. माझीच फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी कल्याणहून माझी ताई, भावोजी आणि ताईच्या वृद्ध सासूबाई यायच्या होत्या. मी निरोप धाडला : "२० तारखेला या. महाडला उतरा. मी न्यायला येतो. पोचलात की फोन करा." चार वाक्ये. कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला वाटले, थोडक्यात आणि नेमके लिहिले. प्रत्यक्षात चारही वाक्ये लंगडी निघाली.

भावोजी दिव्याहून सकाळी सावंतवाडीकडे सुटणाऱ्या गाडीने निघाले. मी मात्र धरून चाललो होतो की ते एस.टी.ने येतील. खिडकीवर त्यांनी महाडचे तिकीट मागितले, तेव्हा कळले की महाड नावाचे रेल्वे स्टेशनच नाही. डब्यातल्या कोणीतरी सांगितले, "माणगावला उतरा, तिथून गाड्या मिळतात." ते माणगावला उतरले. मी महाडच्या स्टँडवर. भावोजींच्या फोनची बॅटरी संपलेली, ताईला माझा नंबर पाठ नाही. सासूबाई उन्हात दोन तास ताटकळल्या. भेट झाली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बाबा, कुठं उतरायचं ते तरी लिहायचं होतंस." त्यानंतर मी निरोप लिहिण्याची पद्धतच बदलली.

पहिली गोष्ट उतरण्याच्या जागेची. महाडला येणाऱ्याचे स्टेशन वीर. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा रोहे ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, तेव्हापासून महाडकरांचे जवळचे स्टेशन हेच. तिथून महाड दहा-बारा किलोमीटर. सगळ्याच गाड्या वीरला थांबत नाहीत, म्हणून निरोपात गाडीचे नाव व नंबर लिहावा आणि ती वीरला थांबते याची आधी खात्री करावी. वीरच्या अलीकडे माणगाव आणि मग गोरेगाव रोड लागते. मुंबईच्या माणसाचा इथे गोंधळ होतो, कारण त्याचे गोरेगाव वेगळे. म्हणून स्पष्ट लिहावे : गोरेगाव रोड गेले की सामान दाराशी आणा.

पोलादपूरलाही रेल्वे नाही. तिथल्या पाहुण्यानेही वीरला उतरून महाडमार्गे जावे किंवा सरळ एस.टी. धरावी. एस.टी.ने येणाऱ्याला मात्र "स्टँड" आणि "हायवे" यातला फरक सांगावा लागतो. महाडपर्यंतची एस.टी. स्टँडात येते. खासगी आराम गाडी पुष्कळदा हायवेवरच उतरवते आणि निघून जाते. पाहुणा कोणत्या गाडीने येणार हे कळल्याशिवाय भेटीची जागा ठरवूच नये.

दुसरी गोष्ट भेटण्याच्या जागेची. २० मार्चला पुष्कळ जण सांगतात, "तळ्यावर या, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ भेटू." त्या दिवशी तिथे हजारो लोक असतात आणि प्रत्येकाने हेच सांगितलेले असते. जागा अशी निवडावी की जी त्या ठिकाणी एकच असते आणि जिथे सावली असते. वीरला तिकीटघराचे दार, महाड व पोलादपूरच्या स्टँडवर चौकशीची खिडकी. आणि नियम एकच : उतरणाऱ्याने हलायचे नाही, शोधायचे काम न्यायला येणाऱ्याचे. दोघेही शोधू लागले की दोघेही चुकतात.

तिसरी गोष्ट उशिराची. "पोचलात की फोन करा" हे उपयोगाचे नाही, कारण तेव्हा मी घरून निघालो तर पाहुण्याला तेवढा वेळ ताटकळावे लागते. फोन वाटेतल्या एका ठिकाणाहून व्हायला हवा. आपल्याकडे ते ठिकाण माणगाव. मुंबईची एस.टी. माणगाववरून येते, दिव्याची रेल्वे माणगाववरून येते आणि पुण्याहून ताम्हिणी घाटाने येणाराही माणगावलाच हायवेला लागतो. कुठेही कितीही उशीर झाला, तरी माणगाव सोडल्यावर किती वेळ लागेल याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो. हायवेवरची मोठी कोंडीही माणगावात आणि त्याच्या अलीकडे इंदापूरला होते, म्हणजे ती तोवर मागे पडलेली असते.

रेल्वेच्या उशिराचे कारणही लक्षात ठेवावे. रोहे ते वीर मार्ग २०२१ साली दुहेरी झाला. वीरच्या पुढे दक्षिणेला एकेरी मार्ग आहे, तिथे समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात थांबावे लागते. म्हणून सावंतवाडी-रत्नागिरीकडून येणाऱ्या पाहुण्यासाठी थांबण्याची तयारी अधिक ठेवावी. त्याच्या वाटेवर माणगाव वीरच्या आधी येत नाही. त्याने खेडहून फोन करावा. पुढे बोगदे आहेत, त्यात रेंज जाते. सातारा-महाबळेश्वरकडून पोलादपूरला येणाऱ्याने आंबेनळी घाट उतरण्यापूर्वी महाबळेश्वरहूनच फोन करावा.

चौथी गोष्ट नंबराची. एक नंबर न्यायला येणाऱ्याचा आणि दुसरा घरी बसलेल्या माणसाचा. पहिला गाडी चालवत असेल किंवा रेंजबाहेर असेल, तर दुसरा निरोप सांभाळतो. दोन्ही नंबर कागदावर लिहून सोबतच्या वयस्क माणसाच्या पिशवीत ठेवायला सांगावे. फोन बंद पडला तरी कागद बंद पडत नाही.

गेल्या खेपेस ताईला पाठवलेला निरोप असा होता :

"ताई, भावोजी, जय भीम. २० तारखेला दिव्याहून सकाळच्या सावंतवाडी गाडीने या. तिकीट वीरचे काढा, महाड नावाचे स्टेशन नाही. माणगाव सुटले की मला फोन करा, लागला नाही तर एसएमएस. गोरेगाव रोडनंतर वीर. उतरून तिकीटघराच्या दारात थांबा, तिथून हलू नका. गाडी उशिरा आली तरी मी तिथेच आहे. मला अडचण आली तर पुतण्या येईल, त्याच्या हातात निळी छत्री असेल. वीर चुकले तर पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबा व घरी कळवा. माझा नंबर अमुक, घरचा अमुक. दोन्ही आईंच्या पिशवीत लिहून ठेवा."

गाडी पाऊण तास उशिरा आली. माणगावहून फोन लागला नाही, एसएमएस आला. मी वीरला गेलो तेव्हा सासूबाई तिकीटघराच्या सावलीत बसल्या होत्या.

पावसाळ्यात एक वाक्य आणखी घालावे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, त्यामुळे मार्चची वेळ पुन्हा उतरवून देऊ नये. आणि घाटात दरड पडली किंवा सावित्रीला पूर आला, तर काय करायचे तेही आधीच ठरवावे. २०२१ च्या जुलैत महाड पाण्यात गेले, आंबेनळीचा रस्ता तुटला. अशा वेळी निरोपाचे शेवटचे वाक्य असावे : "निघण्यापूर्वी घरच्या नंबरवर विचारा. आम्ही 'या' म्हटल्याशिवाय निघू नका."

जय भीम.